‘आहे की!’ या उत्तरावर न थांबणारं पत्र: हॉलच्या मॅनेजरला टेक्निकल रायडर कसा लिहायचा

कोल्हापुरात एखाद्या हॉलच्या मॅनेजरला फोन लावा आणि विचारा, “साहेब, स्टेज मोठं आहे ना?” उत्तर येतं, “आहे की!” मॉनिटर आहेत का? “आहेत की!” आणि लाईट गेली तर? “जनरेटर आहे की!” तिन्ही उत्तरं खरी असतात, पण कार्यक्रमाच्या दिवशी तिन्हींचा काडीचा उपयोग होत नाही.

मी आमच्या सहा जणांच्या बँडमध्ये बास वाजवतो. अक्षर बरं असल्यामुळे पत्रव्यवहारही माझ्याच गळ्यात पडला. पहिल्या वर्षी मी एका मंगल कार्यालयाला पाच ओळींचं पत्र पाठवलं होतं. ‘प्रशस्त स्टेज, चांगले मॉनिटर आणि पुरेशी वीज मिळावी ही विनंती.’ मॅनेजरांनी फोन करून सगळं आहे म्हणून सांगितलं. जाऊन बघतो तर स्टेज खरंच प्रशस्त, पण मागचे चार फूट लग्नाच्या पक्क्या सजावटीने खाल्लेले. मॉनिटर दोन होते, पण दोघांतून एकच आवाज. आणि वीज इतकी पुरेशी की तिसऱ्या गाण्यात गच्चीवरच्या टाकीसाठी पाण्याची मोटर सुरू झाली, व्होल्टेज क्षणभर खाली गेलं आणि कीबोर्ड बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून चालू झाला. मॅनेजर खोटं बोलले नव्हते. मीच असं विचारलं होतं की दुसरं उत्तर देताच येऊ नये.

टेक्निकल रायडर म्हणजे बँडने हॉलला लिहिलेलं तांत्रिक गरजांचं पत्र. त्यातली प्रत्येक ओळ अशी हवी की मॅनेजरला टेप घेऊन स्टेजवर जावं लागेल, नाहीतर वायरमनला हाक मारावी लागेल, आणि मग उत्तर फुटांत, आकड्यात किंवा ‘नाही, त्याऐवजी हे चालेल का’ असं येईल.

आधी ठरवा: पत्र वाचणार कोण?

इथे बहुतेक ठिकाणी हॉलवाल्याच्या हातात तीनच गोष्टी असतात: स्टेज, वीज आणि वेळ. साउंड बाहेरून भाड्याने येतो. नवीन बँड इंटरनेटवरून मोठ्या बँडचा रायडर उतरवतात आणि माईकच्या मॉडेल नंबरांसकट मॅनेजरला पाठवतात. तो पहिल्या पानावरच बंद करतो आणि साउंडवाल्याकडे ढकलतो. साउंडवाला माईकचं बघतो, पण वीज हॉलची आहे म्हणून त्या पानाकडे पाहत नाही. शेवटी विजेबद्दल कुणीच वाचलेलं नसतं.

म्हणून दोन कागद करा. मॅनेजरला पत्र, जास्तीत जास्त दोन पानं, साध्या मराठीत. चॅनलची यादी वेगळी, साउंडवाल्यासाठी. आमची बारा चॅनलची आहे: ड्रमला तीन माईक, बास एक, गिटार एक, कीबोर्ड दोन, ढोलकीला दोन आणि गाणाऱ्यांचे तीन. ही यादी मॅनेजरच्या पत्राला जोडायची नाही. फक्त ‘साउंडची यादी साउंडवाल्यांना वेगळी दिली आहे’ एवढी ओळ पुरे. साउंड हॉलचाच असेल तर मात्र दोन्ही कागद द्या.

पत्राची सुरुवात नेहमीसारखीच. मी अशी करतो:

> प्रति, मा. व्यवस्थापक
> विषय: शनिवारच्या कार्यक्रमासाठी स्टेज, मॉनिटर व वीज यांबाबत
> महोदय, स.न.वि.वि.
> आपल्या हॉलमध्ये आमचा सहा जणांचा कार्यक्रम आहे. वाद्यं आणि गिटार-बासचे अँप्लिफायर आम्ही आणतो. साउंड भाड्याने येणार आहे. आपल्याकडून खालील गोष्टी हव्या आहेत. जे जमणार नाही तिथे कृपया ‘नाही’ लिहावे, आम्ही पर्याय काढू.

शेवटचं वाक्य गाळू नका. मॅनेजरला ‘नाही’ म्हणायला संकोच वाटतो, म्हणून तो ‘बघू’ म्हणतो. लेखी मुभा दिली की नकार वेळेत कळतो.

स्टेज: फूट लिहा आणि बाजू कुणाची ते सांगा

इथे फार वेळ लागत नाही. ‘मोठं स्टेज’ याचा मंगल कार्यालयातला अर्थ चाळीस माणसं फोटोला उभी राहतील एवढं. आपल्याला हवी आहे ती मोकळी जागा. सोफा, फुलांची चौकट, मागचा पडदा आणि नाट्यगृहात विंगा, हे सगळं वजा करून काय उरतं ते विचारायचं.

> स्टेजवर सजावट सोडून २४ फूट रुंद व १६ फूट खोल मोकळी जागा हवी. आपल्याकडे प्रत्यक्ष किती आहे ते मोजून कळवावे. ड्रमसाठी मागे मध्यभागी ८ फूट बाय ८ फूट, एक फूट उंचीची लेव्हल, त्यावर न सरकणारा गालिचा. ढोलकीवादक खाली बसून वाजवतात, त्यांच्यासाठी ४ बाय ६ फुटांची एक फूट उंच लेव्हल व गादी. लेव्हल हलू नयेत.

‘लेव्हल’ हा शब्द नाटकवाल्यांमुळे इथे सगळ्यांना कळतो. मंगल कार्यालयात लिहिताना ‘लाकडी चौथरा’ असंही जोडा.

सोबत हाताने काढलेलं एक चित्र द्या: चौकोनात कोण कुठे, मॉनिटर कुठे, विजेचा पॉइंट कुठे. चित्रावर ठळक लिहा, ‘डावी-उजवी बाजू प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या कलाकाराची.’ हे न लिहिल्यामुळे एकदा आमचा कीबोर्डचा पॉइंट बरोबर उलट्या कोपऱ्यात निघाला आणि स्टेजवरून आडवी वायर ओढून ती चिकटपट्टीने झाकण्यात अर्धा तास गेला.

मॉनिटर: बॉक्स मोजू नका, वेगळे मिक्स मोजा

मॉनिटर म्हणजे कलाकारांकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, ज्यातून आपल्याला स्वतःचं आणि सोबतच्यांचं ऐकू येतं. हॉलचे मोठे स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून असतात, त्यामुळे स्टेजवर त्यांचा फक्त घुमणारा आवाज येतो. तोही भिंतीवर आपटून किंचित उशिरा.

नवखे लिहितात ‘चार मॉनिटर हवेत’. चार बॉक्स येतात, एकमेकांना जोडलेले, चौघांतून एकच आवाज. गायिकेला स्वतःचा आवाज आणि कीबोर्ड हवा, ड्रमवाल्याला बास हवा. एकाच आवाजात दोघांचं भागत नाही. मग प्रत्येक जण ‘माझं वाढव’ म्हणतो, सगळ्यांचंच वाढतं आणि शेवटी माईक शिट्टी मारतो. गाण्याच्या माईकमध्ये मॉनिटरचा आवाज शिरून पुन्हा मॉनिटरमधून बाहेर येतो, ती ही शिट्टी.

एका मॉनिटरमध्ये कुणाचा आवाज किती, हे ठरवून केलेलं मिश्रण म्हणजे मिक्स. वेगळे मिक्स किती मिळणार हे मिक्सरवर अवलंबून असतं. मॉनिटरला आवाज ज्या वाटांनी पाठवतात त्यांना ‘ऑक्स’ म्हणतात. हॉलच्या कपाटातल्या लहान जुन्या मिक्सरला अनेकदा दोनच ऑक्स असतात आणि त्यातला एक एकोसाठी जातो. म्हणजे बॉक्स कितीही लावा, मिक्स एकच. साउंडवाला डिजिटल मिक्सर आणत असेल तर चार मिक्स त्याला जड नाहीत. म्हणून हा भाग मी मॅनेजर आणि साउंडवाला दोघांना पाठवतो:

> चार मॉनिटर, चार वेगळे मिक्स.
> १. गायिका (पुढे, मध्ये): स्वतःचा आवाज सर्वात मोठा, मग कीबोर्ड
> २. गिटार (पुढे, उजवीकडे): स्वतःचा आवाज, गायिका, थोडा कीबोर्ड
> ३. कीबोर्ड व ढोलकी (डावीकडे, दोघांच्या मध्ये): कीबोर्ड, ढोलकी, गायिका
> ४. ड्रम व बास (मागे): बास, कीबोर्ड, गायिका
> दोनच मिक्स शक्य असल्यास: पहिला फक्त गायिकेला, दुसरा बाकी सर्वांना.

शेवटची ओळ नसली तर दोन मिक्स कसे वाटायचे हे कार्यक्रमाच्या दिवशी घाईत कुणीतरी परस्पर ठरवतं, आणि दरवेळी गायिकाच मागे राहते. तिच्याकडे अँप्लिफायर नाही. मॉनिटर नसेल तर तिला स्वतःचा आवाज ऐकायला दुसरी सोय नाही, आणि न ऐकता गाणारा माणूस पट्टीवरून घसरतो किंवा ओरडून गळा बसवतो.

मॉनिटर नेमका कुठे ठेवायचा ते माईकवर ठरतं. गाण्याचे नेहमीचे माईक कार्डिओइड प्रकारचे असतात. त्यांना बरोबर पाठीमागून येणारं सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर माईकच्या थेट पाठीला. सुपरकार्डिओइड माईकला मात्र पाठीमागचं थोडं ऐकू येतं. त्याची बहिरी जागा मागच्या दोन कोपऱ्यांत असते, म्हणून मॉनिटर जरा बाजूला सरकवायचा. माईक आमचा असेल तर हे सांगणं आमचं काम. चित्रात मी मॉनिटर त्याच कोनात काढतो.

वीज: पत्राचा खरा जीव

आधी हिशोब करू, कारण बहुतेकांची भीती चुकीच्या जागी असते. आमच्या सामानाच्या मागच्या पट्टीवर लिहिलेले वॅट असे: गिटारचा अँप्लिफायर १५०, बासचा ४००, कीबोर्ड २०, दोन पेडलबोर्ड मिळून ४०, लॅपटॉप ९०. बेरीज ७०० वॅट. भागिले २३० व्होल्ट, म्हणजे साधारण ३ अँपिअर. गिझर चालतो तसल्या एका १६ अँपिअरच्या पॉइंटवर हे आरामात भागतं. साउंडवाल्याचे स्पीकर याहून बरंच जास्त घेतात. तो आकडा त्याच्याकडूनच घ्या आणि पत्रात घाला.

मग खाणारं कोण? प्रकाशयोजना. जुन्या पद्धतीचे एक हजार वॅटचे आठ दिवे लावले तर ८००० वॅट, म्हणजे जवळपास ३५ अँपिअर. आज बहुतेक ठिकाणी एलईडी दिवे आलेत आणि ते फारच कमी घेतात. पण नाट्यगृहात जुने दिवे आणि डिमर अजून भेटतात. डिमर दिवा मंद करताना विजेची लहर कापतो, आणि त्याच फेजवर आपला अँप्लिफायर असेल तर दिवा मंद होताना स्पीकरमध्ये खर्रखर्र ऐकू येते.

त्यामुळे मागायची असते ती जास्त वीज नाही, वेगळी आणि एकत्र वीज. वेगळी म्हणजे दिवे, एसी आणि पाण्याची मोटर यांच्यापासून. एकत्र म्हणजे साउंडशी संबंधित प्रत्येक वस्तू एकाच फेजवर, एकाच अर्थिंगवर.

हे दुसरं नवख्यांना पटत नाही, म्हणून जरा थांबतो. हॉलला थ्री फेज वीज येते. एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, पण दोन वेगळ्या फेजच्या मध्ये सुमारे ४०० ते ४१५. मिक्सर हॉलच्या मागच्या भिंतीवरच्या पॉइंटवर आणि अँप्लिफायर स्टेजवर, अशी मांडणी सर्रास दिसते. दोन्ही पॉइंट वेगळ्या फेजचे, त्यांची अर्थिंगची तार वेगळ्या वाटेने गेलेली. माईकच्या वायरने मात्र ते एकमेकांना जोडलेले. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असला तरी स्पीकरमध्ये सलग ‘घोंऽऽ’ येतो. तो ५० हर्ट्झचा विजेचा आवाज. एका बाजूचं अर्थिंग तुटलेलं असेल तर गिटारवाल्याचा ओठ माईकला लागताच झटका बसतो, आणि तो झटका जीवघेणाही ठरू शकतो.

उपाय स्वस्त आहे. मिक्सरची वीज मागच्या भिंतीतून घ्यायचीच नाही. स्टेजवरच्याच बोर्डातून जाड एक्स्टेंशन माईकच्या वायरींसोबत मागे न्यायचं.

> साउंडसाठी स्टेजच्या मागे १६ अँपिअरचे तीन पॉइंट, तिन्ही एकाच फेजवर, अर्थिंगसह. या फेजवर दिवे, एसी, पंखे किंवा पाण्याची मोटर नसावी. मिक्सरची वीजही इथूनच जाईल.
> दिव्यांसाठी वेगळी फेज.
> कृपया वायरमनकडून तपासून कळवावे: (अ) या पॉइंटची एमसीबी किती अँपिअरची आहे व बोर्ड कुठे आहे? (आ) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आहे का? (इ) लाईट गेल्यास जनरेटरवर स्टेजचे पॉइंट चालतात का, की फक्त हॉलचे दिवे-पंखे? (ई) जनरेटर किती केव्हीएचा, आणि सुरू व्हायला किती सेकंद लागतात?
> कार्यक्रम संपेपर्यंत वायरमन हॉलमध्ये हजर असावेत.

आरसीसीबी म्हणजे वीज अंगातून जमिनीकडे गळायला लागली तर तत्काळ तोडणारं बटण. जुन्या वायरिंगच्या हॉलमध्ये ते नसतं, मग साउंडवाल्याला त्याच्या बोर्डात बसवून आणायला सांगा.

(इ) हा प्रश्न मी पावसाळ्यात शिकलो. जुलै-ऑगस्टमध्ये इथे दिवसदिवस पाऊस लागतो आणि लाईट जाणं रोजचं. एका हॉलमध्ये जनरेटर पटकन सुरू झाला, सगळे पंखे गरगरले, आणि स्टेज अंधारात. ते पॉइंट जनरेटरला जोडलेलेच नव्हते. जनरेटरचा आकडा केव्हीएमध्ये येतो. त्याचे ढोबळ किलोवॅट काढायला ०.८ ने गुणा: १५ केव्हीए म्हणजे १२ किलोवॅट, आणि त्यातून पंखे-दिवेही चालवायचे आहेत.

जनरेटर दहा सेकंदांत आला तरी डिजिटल मिक्सर आणि कीबोर्ड तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होतात आणि त्यात मिनिट-दोन मिनिटं जातात. म्हणून या दोघांसाठीच आम्ही संगणकाला लावतात तो ६०० व्हीएचा यूपीएस घेऊन फिरतो. त्यावर अँप्लिफायर लावू नका, त्याला ते पेलत नाही.

पाठवल्यानंतर

तीन आठवडे आधी पाठवा, व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आणि शक्य असेल तर छापील प्रत हातात. वर तारीख टाका, म्हणजे नंतर बदल झाला तर जुनं कुठलं ते कळतं. खाली एकाच माणसाचा नंबर द्या. बँडमधले चौघे मॅनेजरला चार वेगळ्या गोष्टी सांगू लागले की तो कुणाचंच ऐकत नाही, आणि बरोबरच करतो. आठवड्याने फोन करून एकेका ओळीचं उत्तर विचारा आणि कागदावर लिहून घ्या. कार्यक्रम उघड्या लॉनवर असेल तर रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, म्हणून स्टेज आणि वीज दुपारी किती वाजता ताब्यात मिळणार तेही याच फोनमध्ये ठरवा. आम्ही सुरुवातीच्या चार तास आधीची वेळ मागतो.

त्या दिवशी पहिलं काम

एकही प्लग लावायच्या आधी वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा. तपासणी त्यांनीच करायची, आपण शेजारी उभं राहून आकडे लिहायचे. फेज ते न्यूट्रल २२० ते २४० च्या आसपास यायला हवेत. फेज ते अर्थिंग जवळपास तेवढेच. हा आकडा शंभराच्या खाली किंवा डुलत असेल, तर त्या भोकात अर्थिंगची तार पोहोचलेलीच नाही. न्यूट्रल ते अर्थिंग एक-दोन व्होल्ट चालतात, पाचाच्या वर असतील तर कारण सापडेपर्यंत थांबायचं. आणि दिवे-पंखे सुरू असतानाही हा आकडा अगदी शून्य आला तर हुरळू नका. कधी कधी कुणीतरी सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र बांधून ठेवलेलं असतं. मग न्यूट्रल तुटला की अँप्लिफायरच्या धातूच्या डब्यावर थेट २३० व्होल्ट येतात. वायरमनला सॉकेट उघडून बघायला सांगा.

फेज ते न्यूट्रल २६०-२८० दिसत असेल आणि दुसऱ्या फेजवर त्याच वेळी १८० असेल, तर मुख्य न्यूट्रल सैल आहे. त्या दिवशी तिथे काही लावू नका. सैल न्यूट्रलने एका संध्याकाळी सगळी वाद्यं जळू शकतात.

सगळं लावल्यावरही घोंगावणं आलं, तर कुणीतरी हमखास म्हणतो, “प्लगची तिसरी पिन काढा, लगेच जातंय.” जातं खरं. सोबत गिटारवाल्याचं संरक्षणही जातं. पिन कधीच काढायची नाही. आधी बघा, एखादी वस्तू चुकून दुसऱ्या पॉइंटवर गेली आहे का. आमच्याकडे बहुतेक वेळा लॅपटॉपचा चार्जर सापडतो. तरीही आवाज राहिला तर डीआय बॉक्स बघा, म्हणजे बास किंवा कीबोर्डची वायर मिक्सरकडे नेताना मध्ये लावतात ती डबी. तिच्यावर ‘लिफ्ट’ नावाचं बटण असतं ते दाबा. ते फक्त आवाजाच्या वायरीची जमिनीशी असलेली जोड तोडतं, विजेचं अर्थिंग जागेवरच राहतं.

गेल्या वेळी हे पत्र ज्या मॅनेजरांना गेलं, त्यांनी त्याच कागदावर पेनाने उत्तरं लिहून फोटो पाठवला. स्टेज २२ फूट, २४ नाही. एमसीबी १६ ची. आरसीसीबी नाही. जनरेटर स्टेजला चालतो, बारा सेकंद. पाण्याची मोटर त्याच फेजवर आहे, कार्यक्रमात बंद ठेवू. खाली त्यांचाच एक प्रश्न होता: “ड्रमखाली गालिचा म्हणताय, लग्नातला लाल चालतोय का?” मी कळवलं, चालतो, फक्त खालून सरकत नाही ना ते एकदा पायाने ढकलून बघा.